पंचेचाळीस, चाळीस की चौतीस टक्के? डेलावेअर कंपनीचे कॅप टेबल आणि शेअर सर्टिफिकेट कसे वाचावे

प्रश्न: माझी आणि माझ्या भागीदाराची कंपनी अमेरिकेत डेलावेअर राज्यात नोंदवलेली आहे. भागीदार तिकडे असतो, मी नाशिकला. माझ्या शेअर सर्टिफिकेटवर 3,600,000 शेअर लिहिले आहेत, पण टक्का कुठेच नाही. कॅप टेबलमध्ये, म्हणजे कोणाकडे किती शेअर आहेत त्या तक्त्यात, माझ्या नावापुढे एका रकान्यात 45% आणि दुसऱ्यात 40% दिसते. भागीदार म्हणतो, सेफची, म्हणजे आज पैसे घेऊन पुढे शेअर द्यायच्या कराराची, गुंतवणूक धरली तर ते 34% होते. नक्की किती कंपनी माझी आहे? आणि सर्टिफिकेट ही नुसती पीडीएफ फाइल आहे, ती चालते का?

उत्तर:

मी पुण्यात कंपनी सचिव म्हणून काम करते. गेली बरीच वर्षे माझ्याकडे अशा कंपन्यांचे दप्तर येते, ज्यांचे संस्थापक महाराष्ट्रात आहेत आणि नोंदणी डेलावेअरची आहे. आपण दिलेल्या तिन्ही टक्केवाऱ्या एकाच वेळी खऱ्या असू शकतात, कारण तिन्हींत अंश एकच आहे, म्हणजे आपले छत्तीस लाख शेअर, आणि छेद मात्र तीन वेगळे आहेत. भांडण कधी झालेच तर ते छेदावरून होते, म्हणून आधी छेद समजून घेऊ आणि मग आपले छत्तीस लाख खरोखर पक्के आहेत का, ते कसे तपासायचे याकडे वळू.

सुरुवातीला एक बारीक गोष्ट सांगते, कारण तिथे फसलेले लोक मी पाहिले आहेत. पडद्यावर 3,600,000 असे दिसते तेव्हा स्वल्पविराम अमेरिकी पद्धतीने तीन-तीन अंकांवर असतात, आणि घाईत वाचणारा तो आकडा तीन कोटी साठ लाख किंवा तीन लाख साठ हजार असा वाचतो. तो ३६,००,००० आहे. कॅप टेबल वाचायला बसताना शेजारी कागद घेऊन प्रत्येक आकडा एकदा आपल्या पद्धतीने लिहून काढावा, असे मी सर्वांनाच सांगते.

सर्टिफिकेटवर टक्का का नाही, हे आपल्या गृहनिर्माण संस्थेच्या शेअर सर्टिफिकेटवरून चटकन कळेल. त्यावरही आपल्याकडे कोणत्या क्रमांकाचे किती भाग आहेत एवढेच असते, संस्थेचा कितवा हिस्सा आपला आहे हे नसते. डेलावेअर कंपनीच्या सर्टिफिकेटवर त्याचा क्रमांक असतो (आपले बहुधा CS-2 असेल, म्हणजे कॉमन स्टॉकचे दुसरे), आपले नाव, शेअरचा प्रकार, संख्या, दिल्याची तारीख, कंपनीच्या दोन अधिकाऱ्यांच्या सह्या आणि खाली किंवा मागे बारीक अक्षरांत हस्तांतरणावरील निर्बंध असतात. संख्या स्थिर असते, पण टक्का इतरांना शेअर दिले की बदलतो, म्हणून तो सर्टिफिकेटवर छापता येत नाही. संस्थेच्या सर्टिफिकेटच्या मागे मात्र नव्या मालकाचे नाव चढवतात, तशी पद्धत इथे नाही. इथे जुने सर्टिफिकेट रद्द करून नव्या क्रमांकाचे दिले जाते. हा फरक लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

आता छेद. आपल्याच आकड्यांवरून मी उलट भागाकार केला. छत्तीस लाख हे ४५ टक्के असतील तर एकूण ८०,००,००० शेअर होतात, म्हणजे भागीदाराकडे ४४,००,००० असले पाहिजेत. हे प्रत्यक्ष दिलेले शेअर झाले, ज्यांच्या रकान्यावर बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये Outstanding असे नाव असते. आज भागधारकांचे मतदान झाले तर आपले वजन ४५ टक्के आहे. छत्तीस लाख हे ४० टक्के असतील तर एकूण ९०,००,००० होतात. हा Fully Diluted रकाना आहे, आणि त्यातले जास्तीचे दहा लाख म्हणजे कर्मचाऱ्यांसाठी राखून ठेवलेला ऑप्शनचा, म्हणजे ठरलेल्या भावाने पुढे शेअर घेण्याच्या हक्कांचा, साठा असावा. या दहा लाखांतले काही ऑप्शन कोणाला तरी मंजूर झालेले असतील, उरलेले कोणाच्याच नावावर नसतील, तरी सगळे मोजले जातात. कारण गुंतवणूकदाराला आज मते कोणाची आहेत यापेक्षा सगळी आश्वासने पुरी झाल्यावर आपल्या वाट्याला काय राहील, हे जाणून घ्यायचे असते. त्यामुळे शेअरचा भाव ठरवताना छेद नव्वद लाखांचा किंवा त्याहून मोठा धरला जातो, आणि मताच्या प्रश्नात ऐंशी लाखांचा.

आपल्या कागदांत चौथा एक आकडाही सापडेल, आणि तो कोणत्याही टक्केवारीचा छेद नव्हे. तो Authorized या नावाखाली असतो, बहुतेक नव्या कंपन्यांत १,००,००,०००. आपल्याकडच्या अधिकृत भांडवलासारखीच ती वरची मर्यादा आहे, म्हणजे कंपनी जास्तीत जास्त किती शेअर देऊ शकते तो आकडा. ही मर्यादा ज्या दस्तात लिहिलेली असते त्याला तिकडे ‘सर्टिफिकेट ऑफ इन्कॉर्पोरेशन’ म्हणतात. आपल्याकडे याच नावाचा कागद निबंधक देतो आणि त्यात कंपनी नोंदली गेली एवढेच असते. डेलावेअरमध्ये मात्र तो कंपनीने स्वतः दाखल केलेला घटनादस्त असतो, साधारण आपल्या मेमोरँडमच्या जागी. आपल्या छत्तीस लाखांना एक कोटीने भागून ‘माझे ३६ टक्के’ असे कोणी सांगितले तर तो हिशेब चुकीचा आहे, कारण न दिलेले शेअर कोणाचेच नसतात.

या एक कोटीमुळे दरवर्षी एक घबराट उडते, तीही इथेच सांगून ठेवते. डेलावेअरचा फ्रँचायझी टॅक्स अधिकृत शेअरसंख्येवर मोजला तर एक कोटी शेअरच्या कंपनीला ८५,१६५ डॉलरची सूचना येते. कायद्यात दुसरी एक पद्धत आहे, ज्यात दिलेल्या शेअरची संख्या आणि कंपनीची एकूण मालमत्ता धरतात. तिने मोजल्यास लहान कंपनीचा कर सहसा ४०० डॉलरच्या किमान रकमेवर येतो आणि वार्षिक अहवालाचे ५० डॉलर वेगळे भरावे लागतात. ही मुदत १ मार्चची असते. पण दुसऱ्या पद्धतीत दिलेल्या शेअरचा आकडा आपल्यालाच भरायचा असतो, म्हणून तो लेजरशी, म्हणजे कंपनीच्या शेअर नोंदवहीशी, जुळलेला हवा.

आता ३४. छेदात ऑप्शनपर्यंतचे नव्वद लाख धरून जे ४० टक्के होते त्याचे ३४ झाले, म्हणजे बरोबर १५ टक्के घट झाली. यावरून माझा अंदाज असा की कंपनीने पोस्ट-मनी सेफ करार केला आहे आणि त्यात गुंतवणूकदाराला १५ टक्के मिळायचे आहेत. उदाहरणार्थ, ४० लाख डॉलरच्या मूल्यमर्यादेवर, म्हणजे रूपांतराच्या वेळी कंपनीचे मूल्य याहून जास्त धरायचे नाही या अटीवर, ६ लाख डॉलर घेतले असतील. सेफचा हा नमुना वाय कॉम्बिनेटरने २०१३ मध्ये प्रथम आणला आणि २०१८ मध्ये त्याचे पोस्ट-मनी रूप दिले. या रूपात मूल्यमर्यादा सेफचे पैसे धरून असते, त्यामुळे ६ भागिले ४० एवढा वाटा गुंतवणूकदाराचा होतो आणि तो बाकीच्या सर्वांच्या हिश्शातून जातो. हिशेब असा:

```
9,000,000 / 0.85       = 10,588,235
3,600,000 / 10,588,235 = 34%
```

पण हे ३४ टक्के म्हणजे आजची मालकी नव्हे. सेफचे रूपांतर होईपर्यंत त्या गुंतवणूकदाराचे नाव भागधारकांच्या नोंदीत येत नाही, त्याला सर्टिफिकेट मिळत नाही आणि भागधारक म्हणून मतही नसते. रूपांतर सहसा गुंतवणुकीच्या पुढच्या दर ठरलेल्या फेरीत प्रेफर्ड, म्हणजे गुंतवणूकदाराला खास हक्क देणाऱ्या, शेअरमध्ये होते, आणि त्या वेळी अधिकृत शेअरची मर्यादाही घटनादस्तात दुरुस्ती करून वाढवली जाते. ती फेरी मूल्यमर्यादेपेक्षा कमी भावाने झाली तर सेफवाल्याला १५ टक्क्यांपेक्षा जास्तही मिळू शकते. शिवाय फेरीतल्या नव्या गुंतवणूकदाराचा हिस्सा वेगळा जातो. त्याने २० टक्के घेतले आणि ऑप्शनचा साठा वाढवला नाही, असे धरले तर आपले ३४ टक्के २७.२ वर येतात. भागीदार ‘होते’ म्हणाला, त्याऐवजी ‘निदान एवढे कमी होईल’ असे म्हटले असते तर ते अधिक अचूक ठरले असते. सेफचा मूळ करार पाहिल्याशिवाय मी याहून ठाम काही सांगू नये. एकापेक्षा जास्त सेफ असतील किंवा जुन्या प्री-मनी नमुन्याचे असतील, तर गणित वेगळे होते.

आपण विचारले नाही, तरी या छत्तीस लाखांबद्दल एक गोष्ट आपल्याला माहीत असणे मला फार गरजेचे वाटते, आणि ती म्हणजे वेस्टिंग. बहुतेक संस्थापकांचे शेअर चार वर्षांत पक्के होतात. पहिले वर्ष पूर्ण होईपर्यंत काहीच पक्के होत नाही, वर्ष झाल्यावर एकदम चौथा हिस्सा होतो आणि पुढे दरमहा अठ्ठेचाळिसावा. आपला करार असा असेल आणि चौदा महिने झाले असतील, तर दरमहा ७५,००० प्रमाणे १०,५०,००० शेअर पक्के झाले आणि २५,५०,००० अजून कच्चे आहेत. सर्टिफिकेटवर मात्र पूर्ण छत्तीस लाखच दिसतात, आणि मतही सगळ्या शेअरचे आपल्यालाच असते. आज आपण कंपनी सोडली तर ते साडेपंचवीस लाख शेअर कंपनी सहसा आपण दिलेल्या मूळ किमतीला परत घेऊ शकते. दर्शनी मूल्य ०.०००१ डॉलर असेल आणि त्याच भावाने आपण ते घेतले असतील, तर कंपनीला त्यासाठी २५५ डॉलर मोजावे लागतील. आपल्याकडे दहा रुपये दर्शनी मूल्याची सवय असल्यामुळे पूर्ण छत्तीस लाख शेअर ३६० डॉलरला कसे मिळाले, हे लोकांना खरे वाटत नाही. पण तिकडे हे नेहमीचे आहे. वेस्टिंगच्या अटी सर्टिफिकेटवर तपशिलात नसतात. बारीक अक्षरांतल्या टिपेत फक्त एका कराराचा उल्लेख असतो. तो म्हणजे शेअर खरेदी करार, आणि तो आपण स्वतः वाचला पाहिजे.

असे कच्चे शेअर मिळालेल्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत अमेरिकी कर विभागाकडे ८३(बी) नावाची निवड, म्हणजे कर शेअर पक्के होताना न मोजता मिळतानाच मोजावा असे कळवणे, दाखल करायची असते, आणि ही मुदत वाढवून मिळत नाही. आपण भारतात राहणारे असल्याने ती लागू होती का, हे आपल्या कर-निवासावर आणि पुढे तिकडे जाण्याच्या बेतावर ठरते. दाखल केली होती का, एवढे तरी भागीदाराला आजच विचारून घ्या.

पीडीएफबद्दल बोलायचे तर, ती चालते. डेलावेअरच्या कंपनी कायद्याचे कलम १५८ सांगते की संचालक मंडळाने ठराव केला असेल तर शेअर सर्टिफिकेटशिवायही असू शकतात, आणि सर्टिफिकेट असेल तर त्यावर कोणत्याही दोन अधिकृत अधिकाऱ्यांच्या सह्या हव्यात. कार्टासारख्या सॉफ्टवेअरमधून निघालेले सर्टिफिकेट त्यामुळे कमी प्रतीचे ठरत नाही. पण कागदी असो वा पीडीएफ, त्याच्या मागे जी नोंदवही असते तिचे महत्त्व अधिक आहे. तिला स्टॉक लेजर म्हणतात, आणि सभेत मत कोणाला आहे या प्रश्नावर कलम २१९ नुसार तीच पुरावा मानली जाते. कॅप टेबल हा लेजरवरून काढलेला गोषवारा आहे. फेरफाराच्या नोंदी चुकल्या की सातबारा चुकतो, तसे लेजर चुकले की कॅप टेबल चुकते, आणि एक्सेलमध्ये ठेवलेल्या टेबलात तर लेजर बरोबर असतानाही चूक शिरते.

ती कशी शिरते याचे माझ्या हाताखालून गेलेले एक प्रकरण सांगते. कंपनीचे नाव अर्थात सांगणार नाही. दोन संस्थापक होते, एकाकडे CS-1 चे पन्नास लाख शेअर आणि दुसऱ्याकडे CS-2 चे चाळीस लाख, एकूण नव्वद लाख. पहिल्याने आपल्या शेअरपैकी पाच लाख एका सल्लागाराला दिले. त्यासाठी CS-3 हे पाच लाखांचे सर्टिफिकेट काढले गेले आणि टेबलात नवी ओळ टाकली गेली, पण CS-1 तसेच पन्नास लाखांवर राहिले. एकूण शेअर पंच्याण्णव लाख दिसू लागले आणि दुसऱ्या संस्थापकाचा हिस्सा ४४.४४ टक्क्यांवरून ४२.११ वर आला. त्याला वाटले, सल्लागार आला म्हणजे आपलेही थोडे कमी होणारच. वर्षभर कोणी काही बोलले नाही, कारण प्रत्येक ओळ स्वतंत्रपणे बरोबर दिसत होती. गुंतवणूकदाराच्या वकिलाने CS-3 चे पैसे बँकेत कुठे आले असे विचारले तेव्हा ते कुठेच सापडले नाहीत, आणि सापडणारही नव्हते, कारण कंपनीने नवे शेअर दिलेच नव्हते. कंपनीने शेअर दिले तर एकूण संख्या वाढते, भागधारकाने दुसऱ्याला दिले तर वाढत नाही. CS-1 रद्द करून पंचेचाळीस लाखांचे CS-4 द्यायला हवे होते. ते दिल्यावर एकूण पुन्हा नव्वद लाखांवर आले आणि दुसऱ्याचे ४४.४४ टक्के परत मिळाले.

म्हणून आपल्या दप्तराची तपासणी मी केली असती तर टक्क्यांकडे शेवटी वळले असते. आधी लेजरमधल्या रद्द न झालेल्या सर्टिफिकेटांची बेरीज करून ती बरोबर ८०,००,००० येते का ते पाहिले असते. क्रमांकांत मध्ये एखादा गाळलेला असेल, तर ते सर्टिफिकेट कुठे गेले याचे उत्तर मिळेपर्यंत पुढे गेले नसते. मग प्रत्येक चालू सर्टिफिकेटमागचा ठराव, खरेदी करार आणि पैसे भरल्याची बँकेतली नोंद मागितली असती, आणि चारही ठिकाणी नाव, संख्या आणि तारीख तीच आहे का हे मिळवून पाहिले असते. ऑप्शनच्या बाबतीत ई-मेलवर ‘तुला एक टक्का देऊ’ असे लिहिलेले असते आणि मंडळाचा ठराव कधी झालेलाच नसतो. अशी वचने टेबलात दिसत नाहीत, पण नोकरीला लागलेल्या माणसाच्या मनात ती पक्की असतात.

या सगळ्यांत ठरावावर माझा सर्वांत जास्त भर असतो, आणि त्याला कारण आहे. शेअर देण्याचा अधिकार संचालक मंडळाचा आहे, आणि ठरावाची औपचारिकता पाळली नाही तर शेअर नुसते वादग्रस्त न ठरता मुळातच रद्दबातल ठरू शकतात. १९९१ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने स्टार सर्जिकलच्या प्रकरणात प्रेफर्ड शेअर याच कारणाने रद्दबातल ठरवले. ते शेअर ज्याच्या नावावर होते त्याने कंपनीसाठी खरोखर जोखीम पत्करली होती, पण तेवढ्याने ते वाचले नाहीत. २०१४ पासून कलम २०४ आणि २०५ लागू झाली. त्यांमुळे अशी राहून गेलेली कृती मंडळाच्या ठरावाने किंवा न्यायालयाकडून मागाहून नियमित करून घेता येते, पण आधीच्या तारखेचा ठराव आज लिहून त्यावर सह्या करणे हा तो मार्ग नव्हे. कोणी तसे सुचवले तर सही करू नका.

आपण नाशिकला राहता, त्यामुळे आणखी एक टोक जुळले पाहिजे. भारतातील रहिवाशाने शेअर बाजारात नोंद नसलेल्या परदेशी कंपनीचे शेअर पैसे पाठवून घेतले की ती विदेशी गुंतवणूक नियम, २०२२ खाली थेट गुंतवणूक धरली जाते. त्यासाठी बँकेत फॉर्म एफसी भरून युआयएन हा त्या गुंतवणुकीचा ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि पैसे पाठवल्यापासून सहा महिन्यांत शेअर मिळाल्याचा पुरावा त्याच बँकेला द्यावा लागतो. तो पुरावा म्हणजे ही पीडीएफ. तीनशे साठ डॉलर इतकी लहान रक्कम आहे म्हणून कित्येकदा भागीदारच स्वतःच्या खात्यातून दोघांचे पैसे भरून टाकतो. मग सर्टिफिकेट नाशिकच्या माणसाच्या नावावर असते आणि त्याच्या बँकेत मात्र कसलीच नोंद नसते. आपल्याबाबतीत तसे झाले असेल, तर आधी परकीय चलन कायद्याचे काम करणाऱ्या सनदी लेखापालाला दाखवा आणि मगच बँकेत जा, कारण दुरुस्ती कोणत्या वाटेने करायची हे पैसे कोणी, कधी आणि कशापोटी भरले त्यावर ठरेल. आयकर विवरणपत्रात परदेशी मालमत्तेच्या तक्त्यातही हे शेअर दाखवावे लागतात, मग त्यांतून एक पैसाही उत्पन्न नसले तरी.

आता भागीदाराला लिहाल तेव्हा ‘माझा टक्का किती’ असे विचारू नका, त्याला पुन्हा तीन उत्तरे येतील. स्टॉक लेजर, आपल्या शेअरला मंजुरी देणारा ठराव, आपण सही केलेला खरेदी करार आणि सर्व सेफ करारांच्या प्रती मागवा. भागधारक म्हणून लेजर पाहण्याचा आपल्याला हक्क आहे आणि संचालक असाल तर तो आणखी व्यापक आहे, त्यामुळे यात संकोच वाटण्यासारखे काही नाही. कागद आल्यावर त्यातली नावे झाकून आकडे इथे टाकलेत, तर पुढचा हिशेब मी करून देईन.